करोशी: 'अतिकामानं मृत्यू' यासाठी जपानीत एकच शब्द का आहे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जपानी शिकवताना एक शब्द आला की वर्ग हमखास थांबतो आणि तास संपल्यावरही त्याच्याबद्दल मेसेज येत राहतात. 'करोशी' हा तो शब्द. इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे साधे आहेत, पुढचे अडचणीचे. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. करोशी म्हणजे नेमकं काय? उच्चार कसा करायचा?

अतिकामामुळे आलेला मृत्यू. शब्द तीन चिन्हांचा आहे. 'क' म्हणजे प्रमाणाबाहेर, 'रो' म्हणजे श्रम आणि 'शी' म्हणजे मृत्यू. मधला 'रो' लांबवायचा, बाकी दोन्ही अक्षरं आखूड. मराठी वर्तमानपत्रांत 'करोशी' आणि 'कारोशी' अशी दोन्ही रूपं दिसतात. 'क'वर काना नको, म्हणून मी 'करोशी' लिहिते.

एक गैरसमज इथेच दूर करते. माणूस ऑफिसात, खुर्चीत कोसळला तरच ती करोशी, असं अजिबात नाही. कित्येकांना घरी झोपेत, रविवारी सकाळी किंवा रजेच्या पहिल्या दिवशी झटका येतो. मृत्यू कुठे झाला हे इथे गौण आहे. त्याआधीचे काही महिने कसे गेले, हे पाहिलं जातं.

2. गीतेत 'यत्करोषि' आहे. संस्कृत 'करोषि' आणि जपानी 'करोशी' यांचा काही संबंध आहे का?

नाही. 'करोषि' म्हणजे 'तू करतोस', ते 'कृ' धातूचं रूप. करोशी हा चिनी मुळाच्या तीन चिन्हांचा समास आहे. बौद्ध धर्माबरोबर काही संस्कृत शब्द जपानीत गेले हे खरं, पण हा त्यातला नाही. तो फार तर पन्नासेक वर्षांचा आहे. ध्वनी जुळला, एवढंच.

3. हा शब्द कोणी आणि कधी तयार केला?

डॉक्टरांनी, 1970 च्या दशकात. पहिली म्हणून नोंदली जाते ती घटना 1969 ची आहे. एका मोठ्या वृत्तपत्राच्या पाठवणी विभागात, म्हणजे छापलेले गठ्ठे गाड्यांवर रवाना करणाऱ्या विभागात, 29 वर्षांचा एक विवाहित तरुण काम करत होता. पक्षाघातानं तो गेला. तो कामामुळे गेला हे सरकारनं 1974 मध्ये मान्य केलं. तेव्हा 'करोशी' हा शब्द नव्हता. अशा घटनांना 'कामाशी संबंधित आकस्मिक मृत्यू' असं लांबलचक म्हटलं जाई.

1973 च्या तेल संकटानंतर जपानी कंपन्यांनी माणसं कमी केली आणि उरलेल्यांवर काम वाढवलं. ऐन तिशी-चाळिशीतली माणसं अचानक जाऊ लागली. तेत्सुनोजो उएहाता या डॉक्टरांनी 1978 मध्ये औद्योगिक आरोग्याच्या परिषदेत अशा 17 घटना मांडल्या. 1982 मध्ये त्यांनी आणखी दोन डॉक्टरांसह एक पुस्तक काढलं आणि त्याला हेच नाव दिलं. पण शब्द घरोघरी पोहोचला तो 1988 मध्ये. वकिलांनी आधी ओसाकात आणि मग जूनमध्ये देशभर एक टेलिफोन सेवा सुरू केली, 'करोशी 110'. आपल्याकडे पोलिसांना 100 लावायचो, तसा जपानमध्ये 110. फोन करणाऱ्यांत बायका जास्त होत्या. कुणाचा नवरा नुकताच गेला होता, आणि कुणाला आपलाही जाईल अशी भीती वाटत होती.

4. पण एकच शब्द का? 'कामाच्या अतिताणानं मृत्यू' असं म्हणता आलं असतं की!

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर सांगते. याची दोन कारणं आहेत. एक भाषेतलं, दुसरं सरकारी कचेरीतलं.

भाषेतलं कारण फळ्यावर लगेच दिसतं. जपानीत 'शी'नं संपणारी एक जुनी रांग आहे. 'शोशी' म्हणजे जळून मृत्यू, 'देकिशी' म्हणजे बुडून, 'तोशी' म्हणजे गारठून, 'गाशी' म्हणजे उपासमारीनं, 'सेन्शी' म्हणजे युद्धात. आधी कारण, मग मृत्यू. साचा तयार होता. 'करो' म्हणजे अतिश्रम हाही शब्द रोजच्या वापरातला होता. डॉक्टरांनी तो उचलून या रांगेत बसवला. मुलांना मी ही सगळी चिन्हं एकाखाली एक लिहून दाखवते. आग, पाणी, गारठा, भूक, युद्ध आणि शेवटी काम. फळ्याकडे पाहून वर्ग गप्प होतो, कारण या रांगेत बसणं हाच एक आरोप आहे. पाण्यानं माणूस मरतो तसा कामानंही मरतो, असं तो शब्द म्हणतो. 'ताण होता, त्यात अटॅक आला' या वाक्यात काम नुसतं बाजूला उभं असतं. समासात ते कारणाच्या जागी येतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मृत्यूच्या दाखल्यावर 'मेंदूत रक्तस्राव' किंवा 'हृदयविकाराचा झटका' लिहिलेलं असे. कामगार भरपाई कचेरीतला अधिकारी तो दाखला वाचे आणि म्हणे, हा तर आजार, कुणालाही होतो, यात कंपनीचा काय संबंध? गिरणीत हात तुटला तर काम आणि इजा एका क्षणात जोडलेली दिसतात. इथे काम आणि मृत्यू यांच्यामध्ये कित्येक महिने पडलेले असतात. तीनशे विधवा तीनशे वेगवेगळे दाखले घेऊन आल्या, तर ते तीनशे वेगळे आजार दिसतात. त्यांना एक नाव दिलं की ती एक घटना होते. मग ती मोजता येते, वर्तमानपत्राच्या मथळ्यात बसते आणि कायद्याच्या नावात जाते.

आपल्या भाषेनंही हे केलेलं आहे. 'हुंडाबळी' हा शब्द पाहा. दाखल्यावर 'भाजल्यामुळे मृत्यू' असायचं आणि घरचे म्हणायचे स्टोव्हचा भडका उडाला. 'हुंडाबळी' म्हटलं की भडका मागे पडतो आणि मागणी पुढे येते. 1986 मध्ये आपल्या कायद्यानं त्यात मुदतही घातली. लग्नानंतर सात वर्षांच्या आत संशयास्पद मृत्यू झाला आणि आधी हुंड्यासाठी छळ झाल्याचं दिसलं, तर कारण हुंडाच असं न्यायालय गृहीत धरतं. शब्द, मुदत आणि गृहीतक ही तिन्ही एकत्र आली. करोशीच्या बाबतीतही जवळपास असंच घडलं. तिथली मुदत कशी वाढत गेली ते प्रश्न 7 मध्ये आहे.

5. म्हणजे जपानी माणूस मुळातच कामवेडा, म्हणून हा शब्द त्यांच्याकडे आला, असं नाही?

हे स्पष्टीकरण मला पटत नाही, आणि थोडा रागही येतो. 'त्यांची संस्कृतीच तशी' म्हटलं की ज्यानं कामाचं वेळापत्रक आखलं तो सुटतो. जपानी माणूस शतकानुशतकं राबत होता, शब्द मात्र 1970 च्या दशकात आला. संस्कृती हेच कारण असतं तर तो कितीतरी आधी यायला हवा होता.

बदलली ती व्यवस्था. कायद्यानं आठवड्याला 40 तासांची मर्यादा आहे, पण श्रम कायद्याच्या 36 व्या कलमाखाली कंपनीनं कामगार प्रतिनिधीशी करार केला की त्यावर जादा तास घेता येत. जपानी लोक त्याला 'साबुरोकु' म्हणतात, म्हणजे नुसतं 'तीन-सहा'. विशेष परिस्थितीचं कलम त्या करारात घातलं की 2019 पर्यंत जादा तासांना कायद्याची पक्की वरची हद्द नव्हती. शिवाय जन्मभराची नोकरी. कंपनी काढणार नाही, आणि सोडलीत तर तशी दुसरी मिळणार नाही. बदली सांगितली की जायचं, थांब म्हटलं की थांबायचं. 1988 च्या सुमारास जपानी कामगार वर्षाला सरासरी सुमारे 2,100 तास काम करत होता.

आज जपानची सरासरी अमेरिकेपेक्षा कमी आहे, यावर वर्गात कुणाचा विश्वास बसत नाही. त्यात अर्धवेळ काम करणाऱ्यांची मोठी संख्या मिसळलेली असते. पूर्णवेळ माणसाचा दिवस त्या सरासरीत दिसत नाही.

6. करोशी हा आजार आहे का? डॉक्टर दाखल्यावर तसं लिहितात का?

नाही. उएहातांनी स्वतःच त्याला सामाजिक-वैद्यकीय संज्ञा म्हटलं होतं. दाखल्यावर आजाराचंच नाव असतं आणि करोशी होती की नाही हे नंतर कामगार निरीक्षण कचेरी ठरवते.

आजारांची यादी ठरलेली आहे. मेंदूकडचे म्हणजे रक्तस्राव, रक्तवाहिनी तुंबणं, रक्तदाब अतिशय वाढून मेंदूला सूज येणं. हृदयाकडचे म्हणजे झटका, एन्जायना, हृदय अचानक थांबणं, महाधमनीचा थर फाटणं. 2021 मध्ये गंभीर हृदयनिकामी अवस्थेचीही भर पडली. दुवा साधा आहे. झोप कमी झाली की रात्री उतरायला हवा तो रक्तदाब नीट उतरत नाही, आणि रक्तवाहिन्यांना विसावा मिळत नाही. असे महिने गेले की आधीच कमकुवत असलेली एखादी जागा फाटते किंवा तुंबते.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 मध्ये जगभराचा अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा जास्त तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी जास्त, आणि हृदयविकारानं मृत्यूचा 17 टक्क्यांनी. 2016 या एका वर्षात अशा कामामुळे जगात सुमारे 7 लाख 45 हजार माणसं गेली, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे मृत्यू सगळीकडे आहेत. नाव मात्र मोजक्याच भाषांनी दिलं.

7. '80 तास' हा आकडा सारखा ऐकू येतो. तो कुठून आला?

झोपेच्या हिशोबातून आला. 1961 च्या नियमात झटका येण्याच्या अगदी आधी, जवळपास त्याच दिवशी, कामावर काहीतरी असाधारण घडलेलं असावं लागे. रोजचाच रगाडा मोजत नसत. 1987 मध्ये हा काळ आठवड्याचा झाला. 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका विमा कंपनीतल्या ड्रायव्हरच्या खटल्यात कित्येक महिन्यांचा साचलेला थकवा हे मेंदूतल्या रक्तस्रावाचं कारण मानलं. मग डिसेंबर 2001 मध्ये नियम बदलले आणि सहा महिने मागे पाहायचं ठरलं.

तज्ज्ञांनी एक साधी वजाबाकी केली. दिवसाचे 24 तास. त्यातले जेवणाच्या सुट्टीसह 9 कामाचे. जेवण, अंघोळ, घरची कामं, येणं-जाणं यात पाचेक तास जातात. आता त्यात रोज 4 तास जादा काम घाला. झोपेला जेमतेम 6 तास उरतात. महिन्याचे कामाचे वीस दिवस धरले तर 80 तास झाले. रोज 5 तास जादा घातले तर झोप 5 तासांवर येते आणि महिन्याचे 100 होतात. म्हणून नियम असा झाला. झटक्याआधीच्या महिन्यात सुमारे 100 तास जादा, किंवा आधीच्या दोन ते सहा महिन्यांत सरासरी 80 पेक्षा जास्त, तर कामाचा संबंध बळकट मानायचा. यालाच लोक 'करोशी रेषा' म्हणतात. 45 च्या आत असेल तर संबंध कमकुवत.

वर सांगितलेले 55 तास या हिशोबात घाला. आठवड्याला 15 जादा, म्हणजे महिन्याला 65 च्या आसपास. धोका 80 च्या बराच आधी सुरू होतो. म्हणूनच करोशीचे खटले लढवणाऱ्या वकिलांनी रेषा 65 वर आणण्याची मागणी केली होती. ती मान्य झाली नाही.

8. तास मोजतात कसे? कंपनीच्या रजिस्टरवर तर सहालाच सुटी झालेली दिसते.

एक उदाहरण घेऊ. माणूस काल्पनिक आहे, आकडे मात्र रोजचे आहेत. सोमवार ते शुक्रवार सकाळी 9 ते रात्री साडेनऊ, मध्ये तासभर जेवण. रोज साडेअकरा तास, पाच दिवसांचे साडेसत्तावन्न. शनिवारी 10 ते 3, म्हणजे आणखी 5. एकूण साडेबासष्ट. 40 वजा केले की आठवड्याला साडेबावीस जादा. नियमात महिना 30 दिवसांचा धरतात, म्हणजे सुमारे 4.3 आठवडे. जादा तास झाले जवळपास 96. एका महिन्याच्या 100 च्या कसोटीत हा माणूस बसत नाही, पण असे दोन महिने गेले की 80 च्या सरासरीत स्पष्ट बसतो. कुटुंबानं कोणता काळ मांडायचा हे असं ठरतं.

आता रजिस्टर. त्यात रोज 'सहा वाजता' लिहिलं असेल तर कागदावर जादा तास शून्य. नोंद न केलेल्या, बिनपगारी जादा कामाला जपानीत 'सर्व्हिस ओव्हरटाइम' म्हणतात. सर्व्हिस म्हणजे दुकानदार वर फुकट टाकतो ते. सहा आणि साडेनऊच्या मधले तास मग घरच्यांनाच शोधावे लागतात. कॉम्प्युटर चालू-बंद झाल्याची नोंद, दाराच्या कार्डाची नोंद, रेल्वेच्या पासवरची वेळ, रात्रीच्या टॅक्सीच्या पावत्या, 'आत्ता निघालो' हे बायकोला पाठवलेले मेसेज. ते एक वाक्य, रोज, महिनोन्महिने. दुसरा कुठलाच पुरावा नसला तर तेच हजेरीपुस्तक होतं.

अर्जाला मुदतही आहे. वारसांच्या भरपाईसाठी मृत्यूपासून पाच वर्षं. दुःखातून सावरायला वेळ लागतो आणि तोवर कार्यालयातल्या नोंदी पुसल्या जातात, म्हणून वकील सांगतात की कागद आधी गोळा करा, अर्जाचं नंतर ठरवा.

9. कामाच्या ताणातून झालेली आत्महत्या करोशीत धरतात का?

धरतात. त्याला वेगळा शब्द आहे, 'करोजिसात्सु'. नियमही वेगळे आहेत. तिथे मानसिक आजार, त्याआधीचा ताण, छळ आणि तास हे एकत्र पाहतात.

याचा पाया घातला तो देंत्सू या जाहिरात कंपनीच्या खटल्यानं. एप्रिल 1990 मध्ये नोकरीला लागलेला एक तरुण ऑगस्ट 1991 मध्ये गेला. वय 24. शेवटच्या महिन्यांत तो पहाटे घरी येई आणि तास-दोन तासांत पुन्हा निघे. आई-वडिलांनी दावा लावला. 1996 मध्ये जिल्हा न्यायालयानं सुमारे 12.6 कोटी येन भरपाई दिली. उच्च न्यायालयानं ती 30 टक्क्यांनी कापली. मुलगा स्वभावानं अतिशय काटेकोर, अंगावर काम ओढून घेणारा होता आणि आई-वडिलांनीही थांबवलं नाही, असं कारण दिलं गेलं. मार्च 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही कपात अमान्य केली. माणसामाणसांत स्वभावाचा फरक असायचाच. तो नेहमीच्या मर्यादेत असेल तर भरपाई कापायला ते कारण होत नाही. थकवा आणि मानसिक ताण साचून माणसाचं आरोग्य बिघडू नये याची काळजी घेणं हे मालकाचं कर्तव्य आहे, असं न्यायालयानं म्हटलं. शेवटी सुमारे 16.8 कोटी येनवर तडजोड झाली.

'त्यालाच कामाची आवड होती' हे वाक्य प्रत्येक अशा घरात कुणीतरी येऊन बोलून जातं. या निकालामुळे त्या वाक्याची न्यायालयातली किंमत गेली. म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो.

दुःखाची गोष्ट अशी की डिसेंबर 2015 मध्ये त्याच कंपनीतली 24 वर्षांची दुसरी कर्मचारी गेली. एका महिन्यात तिचे 105 जादा तास झाल्याचं पुढे आलं. कंपनीला 2017 मध्ये दंड झाला, 5 लाख येन. त्या वेळच्या हिशोबानं तीन लाख रुपयांच्या आसपास.

हे वाचताना तुम्हाला स्वतःबद्दल किंवा घरातल्या कुणाबद्दल काळजी वाटत असेल, तर भारतातून 14416 या टेली-मानस क्रमांकावर दिवसरात्र बोलता येतं, मराठीतही.

10. आधीच बीपी किंवा डायबेटीस असेल तर करोशी मान्य होते का?

होऊ शकते. उएहातांच्या व्याख्येतच हे आहे. आधीची दुखणी कामाच्या अतिभारानं बिघडून माणूस गेला, तरी ती करोशीच. कचेरी पाहते ते हे, की आजार आपल्या नैसर्गिक वेगापेक्षा काम केल्यामुळे जास्त वेगानं वाढला का. प्रश्न 7 मधल्या ड्रायव्हरलाही आधीची दुखणी होती. गोळ्या चालू होत्या, बीपी आटोक्यात होतं, रोजची कामं नीट चालली होती, असे डॉक्टरांचे जुने कागद अशा वेळी फार उपयोगी पडतात.

11. 75 तासच भरले तर अर्ज फेटाळतात? आणि मॅनेजर, डॉक्टर, स्वतःचा धंदा करणारे यांचं काय?

पूर्वी 80 च्या खालचे अर्ज क्वचितच टिकत. 2021 च्या बदलानंतर रेषेच्या जवळ असाल तर बाकीचा भारही एकत्र धरायचा असं स्पष्ट लिहिलं गेलं. पाळ्या सारख्या बदलणं, सुट्टीशिवाय सलग दिवस, वारंवार दौरे, एक पाळी संपून दुसरी सुरू होईपर्यंत 11 तासही न मिळणं, असा हा भार.

मॅनेजर या पदाला जादा कामाचा पगार नसतो, पण करोशी ठरवताना त्याचे तास मोजतात. दोन्ही गोष्टी लोक एकमेकांत मिसळतात. डॉक्टरांची स्थिती सगळ्यात विचित्र आहे. एप्रिल 2024 पासून त्यांनाही मर्यादा आली, पण ठरावीक रुग्णालयांत आणि प्रशिक्षण घेणाऱ्यांसाठी ती वर्षाला 1,860 जादा तास आहे. महिन्याला 155 पडतात. जी रेषा ओलांडली की माणूस मरू शकतो असं सरकारच सांगतं, तिच्या जवळपास दुप्पट.

स्वतःचा धंदा करणाऱ्याला ही भरपाई आपोआप मिळत नाही, कारण विमा कामगारांचा आहे. त्यात वेगळी नोंदणी करून भाग घेता येतो आणि अलीकडे फ्रीलान्स काम करणाऱ्यांसाठी ती वाट रुंद झाली आहे. नोंदणी नसेल तर तो मृत्यू सरकारी आकड्यात येत नाही.

12. शब्द आला, कायदा आला. मृत्यू थांबले का?

थांबले नाहीत. 2014 मध्ये करोशी प्रतिबंधाचा कायदा झाला. त्यामागे गेलेल्यांच्या कुटुंबीयांची वर्षानुवर्षांची धावपळ होती. सरकार आता दरवर्षी अहवाल काढतं आणि नोव्हेंबर हा जागृतीचा महिना पाळतं. 2018 च्या सुधारणेनं जादा तासांना पहिल्यांदा दंडासह मर्यादा घातली. एरवी महिन्याला 45, वर्षाला 360. विशेष परिस्थितीत वर्षाला 720, पण एका महिन्यात 100 पेक्षा कमी आणि सरासरी 80 च्या आत. शेवटचे दोन आकडे ओळखीचे वाटले असतील. करोशीची रेषा हीच कायद्यातली वरची हद्द झाली, आणि कुटुंबीयांनी त्यावर तेव्हाच हरकत घेतली होती.

2023-24 या वर्षात मेंदू आणि हृदयाच्या आजारांचे 216 दावे मान्य झाले, त्यात 58 मृत्यू. मानसिक आजारांचे 883 मान्य झाले, त्यात प्रयत्न धरून 79 आत्महत्या. हे फक्त अर्ज केलेल्यांचे आणि त्यातून मान्य झालेल्यांचे आकडे आहेत. करोशीचं रूप हृदयाकडून मनाकडे सरकलं आहे, हे मात्र त्यांतून दिसतं.

13. इतर भाषांत असा शब्द आहे का? मराठीत करावा का?

कोरियनमध्ये 'ग्वारोसा' आणि चिनीत 'ग्वोलाओसी'. तीच तीन चिन्हं, आपापल्या उच्चारात. इंग्रजीनं जपानी शब्दच जसाच्या तसा घेतला.

मराठीत आपण मरमर काम करतो, राब राब राबतो, हाडाची काडं करतो, 'मेलो रे काम करून' म्हणतो. मरण आपल्या बोलण्यात आहे, पण अलंकार म्हणून. त्यामुळे खरंच कुणी गेलं की बोलायला शब्द उरत नाही, 'अचानक गेला हो' एवढंच. 2024 मध्ये पुण्यात नोकरी करणारी एक तरुण सनदी लेखापाल गेली आणि तिच्या आईनं कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सगळीकडे फिरलं. कंपनीनं कामाच्या ताणाचा आरोप नाकारला. खरंखोटं मी ठरवू शकत नाही. पण त्या आठवड्यात आलेल्या बहुतेक मेसेजमध्ये लोकांनी जपानी शब्द वापरला होता, कारण मराठी नव्हता.

आपल्या भरपाईच्या कायद्यात 'कामातून आणि कामादरम्यान झालेला अपघात' अशी भाषा 1923 पासून आहे. हृदयविकाराचा झटकाही त्यात बसू शकतो, पण नुसता कामावर असताना आला एवढं पुरत नाही. कामाचा ताण आणि मृत्यू यांचा दुवा दाखवावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयानं 2007 मध्ये म्हटलं आहे. किती तास, किती महिने, याची रेषा मात्र आपल्याकडे नाही.

'श्रमबळी' हा शब्द मला सुचतो. 'बळी' म्हटलं की घेणारा कोण हा प्रश्न आपोआप येतो, जो 'करोशी'त येत नाही. लोकांच्या तोंडी बसेल की नाही, ते लोक ठरवतील.

14. माझा भाऊ टोकियोत आयटीत आहे. रोज रात्री अकराला घरी येतो. परदेशी माणसाला हे नियम लागू आहेत का?

आहेत. कामगार विमा राष्ट्रीयत्व पाहत नाही, व्हिसाचा प्रकारही पाहत नाही. क्लायंटच्या ऑफिसात बसत असेल तरी विमा त्याला पगार देणाऱ्या कंपनीकडून असतो, म्हणून करारावर नाव कुणाचं आहे ते आधी पाहायला सांगा.

आजपासून त्याला एक वही करायला सांगा. तारीख, कामाला लागल्याची वेळ, निघाल्याची वेळ, मध्ये खरोखर मिळालेली सुट्टी. कंपनीच्या लॅपटॉपवर नको, स्वतःकडे ठेवा. निघाल्यावर तुम्हाला मेसेज टाकायची सवय लावा आणि ते मेसेज पुसू नका. महिनाअखेर प्रश्न 8 सारखा हिशोब करा. महिन्यात 80 च्या वर तास गेले आणि थकवा साचला, तर डॉक्टरांच्या भेटीची मागणी करायचा त्याला कायद्यानं हक्क आहे, आणि मागितल्यावर कंपनीला ती द्यावी लागते. कंपनी दाद देत नसेल तर भागातल्या कामगार निरीक्षण कचेरीत जाता येतं. परदेशी कामगारांसाठी इंग्रजीसह काही भाषांत सल्ल्याची सोय आहे. मराठी नाही, म्हणून जाताना वहीतल्या नोंदी इंग्रजीत किंवा जपानीत उतरवून न्या.

अचानक असह्य डोकेदुखी, छातीत दाब, बोलताना जीभ जड होणं किंवा एक हात लुळा पडणं, यातलं काहीही झालं तर ऑफिसला कळवत बसू नका. आधी 119, जपानमध्ये रुग्णवाहिकेचा नंबर तो आहे. त्याच्या फोनमध्ये तो आजच साठवून ठेवायला सांगा, आणि त्याच्याबरोबर राहणाऱ्या मित्राच्याही.